खाडीकाठचा पांढरा शर्ट

एका मराठी चित्रपटाच्या पोस्टरसाठी माझ्याकडे तीन फोटो आले होते. पहिला कोकणातल्या खाडीचा, सूर्य नुकताच बुडाल्यानंतरचा. दुसरा मुंबईच्या स्टुडिओत काढलेला नायकाचा, पांढरा शर्ट आणि लेंगा घातलेला. तिसरा कुणीतरी भर दुपारी फोनवर टिपलेल्या होडीचा. नायक काठावर उभा, मागे पाण्यात होडी, त्यापलीकडे धूसर डोंगर, असं चित्र दिग्दर्शकाला हवं होतं. माझ्या सहकाऱ्याने मास्किंग चोख केलं होतं, केसांची एक बटसुद्धा सुटली नव्हती. तरीही फोटोशॉपमध्ये तिन्ही थर एकावर एक ठेवले की नायक काठावर उभा वाटेना, चिकटवलेला वाटे.

रंगांना हात लावण्याआधी मी उजेडाची दिशा बघते, कारण ती ग्रेडिंगने सुधारत नाही. खाडीवर उजेड उजवीकडून, मावळतीच्या आकाशातून येत होता. नायकावर मोठा सॉफ्टबॉक्स डावीकडून होता. त्याला आडवा उलटवून घेतलं, तर शर्टाचा खिसा उजव्या छातीवर गेला आणि बटणपट्टीची बाजूही बदलली. ती दोन्ही रिटचिंगमध्ये परत जागेवर आणली. होडीचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. दुपारच्या उन्हात तिच्या कडेखाली पडलेली काळी, धारदार सावली संध्याकाळच्या मऊ उजेडात बसणारच नव्हती. ढगाळ वेळेचा दुसरा फोटो मागवला.

मग सगळ्यात वर काळ्या रंगाचा थर टाकून त्याचा ब्लेंडिंग मोड `Color` केला. रंग निघून जातात, उरतो फक्त उजेड-अंधार. चिकटवलेपणा लपून राहत नाही तो इथे. मग तो थर बंद करून, आयड्रॉपर एका पिक्सेलऐवजी पाच बाय पाचच्या सरासरीवर ठेवून प्रत्येक थरातला सगळ्यात गडद भाग मोजला. नायकाचे केस लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही चॅनलमध्ये 8 होते. त्याच्या पायाशी असलेल्या ओल्या दगडांच्या फटी 24, 29, 36. पलीकडच्या डोंगरातली सर्वात गडद झाडी 92, 104, 121.

आकडे चढत जातात आणि निळा सगळ्यांच्या पुढे राहतो, त्याला कारण आहे. खाडीवरची हवा दमट. आपण आणि वस्तू यांच्यामध्ये जितकी हवा जास्त, तितका त्या हवेने विखुरलेला आकाशाचा उजेड वस्तूच्या काळ्यावर चढतो. म्हणजे एका चित्रात काळा एकच नसतो, अंतरागणिक वेगळा असतो. नायकाच्या थरापुरता कर्व्ह लावला, प्रत्येक चॅनलमध्ये डावीकडचा खालचा बिंदू वेगवेगळा उचलला आणि केस दगडांच्या जवळ आणले. होडी दगड आणि डोंगर यांच्या मधली, म्हणून तिचा काळाही मधला, 50 च्या आसपास. एवढं केल्यावरच ती पाण्यात मागे सरकली. तिचा आकार मी अजिबात बदलला नव्हता.

खरा वाद झाला तो पांढऱ्यावरून. स्टुडिओत शर्ट 246 वर होता, तर क्षितिजाजवळचं सर्वात उजळ आकाश 215 च्या घरात. ज्या आकाशाचा उजेड शर्टावर पडतोय, त्याहून शर्ट उजळ कसा असेल? शिवाय कॅमेऱ्याकडे असलेल्या बाजूवर मावळतीचा नव्हे, समोरच्या निळ्या आकाशाचा उजेड. म्हणून शर्ट 150, 160, 174 पर्यंत खाली आणला आणि फक्त उजव्या खांद्याच्या कडेला किंचित ऊबदार रेघ ठेवली.

निर्माते म्हणाले, “अहो, शर्ट मळलेला वाटतोय. जरा पांढरा करा ना.”

मी समजावत बसले नाही. आजूबाजूचं सगळं झाकून फक्त शर्ट दाखवला. राखाडी-निळा. मग खाडी उघडली. तोच शर्ट पांढरा. त्यांनी मान डोलावली, पण “थोडा तरी” हा शब्द सोडला नाही. आकाशाच्या बराच खाली राहील, इतका थोडा मी उचलून दिला.

रंग तपासायला याच्या उलट करायचं. पन्नास टक्के करड्याचा थर `Luminosity` मोडमध्ये टाकला की उजेड सपाट होतो आणि फक्त रंगच्छटा उरतात. निळ्या-जांभळ्या पसाऱ्यात नायकाचा चेहरा नारिंगी डागासारखा उठला. अशा वेळी सबंध चेहऱ्यावर निळा ओतायचा मोह होतो. त्वचा लगेच आजारी दिसते. मी आधी संपृक्तता कमी केली, निळा फक्त सावलीच्या बाजूला दिला आणि गालफडाची आकाशाकडची कड तशीच राहू दिली.

आता लेन्स. खाडीच्या फोटोत कोपरे काळवंडलेले होते आणि कडेच्या फांद्यांना जांभळी-हिरवी किनार होती. ते त्या लेन्सचे दोष. नायकाच्या फोटोत यातलं काही नव्हतं, तो एफ 8 वर काढलेला, पापण्या मोजाव्यात इतका लख्ख. खाडीचे दोष नायकावर हातानं रंगवण्यापेक्षा ते रॉ फाइलमध्येच काढून टाकणं बरं. सगळे थर जुळले की हवी तेवढी किनार आणि कोपऱ्यातला अंधार एकदाच, सगळ्यांवर मिळून द्यायचा. नायक डाव्या बाजूला उभा आहे, तेव्हा त्याच्या बाहेरच्या कडेला किनार जास्त, चित्राच्या मध्याकडे कमी, असं आपोआप घडतं. त्याची धार अर्धा-पाऊण पिक्सेल ब्लर देऊन दगडांच्या बरोबरीला आणली.

दाणा बघायचा तर निळ्या चॅनलमध्ये, 200 टक्क्यांवर. तिथे खाडी रवाळ आणि शर्ट प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसला. एक आयएसओ 1600 चा, दुसरा 100 चा. खाडीचा दाणा काढला, मग करड्या थरावर नॉइज देऊन तो `Overlay` मध्ये सगळ्यावर पसरला. किंचित ब्लरही दिला, नाहीतर दाणा भिंगाच्या अलीकडे पडल्यासारखा तीक्ष्ण दिसतो. आकाशातल्या छटांच्या पट्ट्याही त्यानं मोडल्या. फाइल 16 बिटची होती, पण शेवटी पाठवायची 8 बिटमध्येच.

चित्रपटाचा म्हणून जो रंग, तो सगळ्यात शेवटी, एकाच ग्रुपमध्ये. नवशिके इथूनच सुरुवात करतात. तयार लट टाकला की सगळं एक होईल अशी आशा असते. न जुळलेल्या थरांवर लट टाकला तर फरक उलट जास्त बोंबलतो, कारण तो 8 च्या काळ्याला एक वागणूक देतो आणि 30 च्या काळ्याला दुसरी. 1924 साली ‘कल्याण खजिना’चं पोस्टर करणाऱ्या बाबूराव पेंटरांना ही कटकट नव्हती. सगळं एकाच हातानं, एकाच रंगपाटीवरून उतरत होतं.

पोस्टर असं छापायला गेलं. तिकीट विकणाऱ्या अॅपसाठी त्याच फाइलमधून चौकोनी कापणी करायची होती, त्यात नायक छातीपर्यंतच येत होता. आकाश बाहेर गेलं, होडी गेली. शर्टाला ताडून बघायला शेजारी काही उरलंच नाही आणि तो खरोखर मळका दिसू लागला. तेवढ्या एका आवृत्तीत मी शर्ट 200 पर्यंत चढवला. निर्माते तिथे बरोबर होते.