मालकीणबाई

बनारस छावणीत पोस्टिंग असतानाच माझं लग्न झालं आणि दोन महिन्यांनी क्वार्टर मिळालं. सौ. साताऱ्याहून सासूबाईंसोबत आली. सासूबाई तिला घरात ‘छकुली’ म्हणत. त्या परत गेल्या त्याच संध्याकाळी मी ऐटीत हाक मारली, “छकुली, चहा टाक.”

चहा आला, पण शब्द नाही. रात्री म्हणाली, “अहो, ते नाव आईचं आहे.”

चूक कळायला मला वेळ लागला. पलटणीत नवा जवान आला की आठवड्यात त्याचं टोपणनाव पडतं, त्याला कोणी विचारत नाही. पण तिथं दोघं एकाच बराकीत झोपतात, एकाच परातीतलं खातात. इथं ती अजून मला ‘तुम्ही’ म्हणत होती आणि मी थेट तिच्या माहेरच्या उंबऱ्यात बूट घालून शिरलो होतो.

एका रविवारी अस्सीजवळ भदैनीला राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान बघायला गेलो. मोरोपंत तांब्यांची मणिकर्णिका, घरची मनू. बिठूरला दुसऱ्या बाजीरावांनी तिला छबिली म्हटलं, ते ती त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली म्हणून. १८४२ साली झाशीला लग्न झालं आणि सासरी लक्ष्मीबाई हे नाव मिळालं. सौ. पाटी वाचून म्हणाली, “हे तिसरं नाव तिला विचारून ठेवलं असेल का हो?” मी गप्प बसलो. आमच्याकडेही लग्नात तांदळात नाव लिहायची टूम निघाली होती. तिनं नको म्हटलं, म्हणून राहिली.

बनारसची मात्र रीतच वेगळी. इथं अनोळखी माणूसही ‘का गुरु’ म्हणून हाक मारतो. ते कोणी मनावर घेत नाही, कारण ते सगळ्यांनाच म्हणतात.

चौथ्या महिन्यात दशाश्वमेधला नावाडी दोघांचे सहाशे मागत होता. सौ.नं मोडक्या हिंदीत त्याला तीनशेवर आणलं. तो हात जोडून म्हणाला, “ठीक बा मालकिन, बइठा!” ती खळखळून हसली. नावेत मी हळूच म्हणालो, “मालकीणबाई, पाय आत घ्या.” तिनं वळून पाहिलं, पण भुवई चढली नाही. तरी मी ते लगेच पुन्हा वापरलं नाही. मित्रांसमोर तर नाहीच. छकुलीच्या वेळचा चहा आठवत होता.

पुढच्या आठवड्यात ड्यूटीवरून आलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या गुरंग वहिनींकडे आणि सोबत चिठ्ठी: “भाजीला गेले आहे. दूध तापवून ठेव. — मालकीण.”

‘ठेव’ लिहिलं होतं, ‘ठेवा’ नाही. मी ते दोनदा वाचलं आणि दूध तापवायला ठेवलं.