भवभूतीचा काळ कसा ठरला?

आमच्या पूर्व विदर्भातील संस्कृतज्ञ घराण्यांत भवभूतीविषयी एक विशेष आपलेपणा आढळतो. कवीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत पूर्वजांचे गाव म्हणून पद्मपुराचा उल्लेख केला आहे. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. ते स्थळ पूर्वी आमच्या भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून ते तिकडे गेले. आम्ही मोहाडीकर तरी त्यास अद्याप आपलेच मानतो.

परंतु आपलेपणाबरोबर दंतकथाही घरात येतात. भवभूतीने 'उत्तररामचरित' कालिदासाकडे वाचावयास धाडले, आणि त्या रसिकाग्रणीने 'एवं' ह्या शब्दावरील एक अनुस्वार तेवढा अधिक झाल्याचे सांगितले, ही आख्यायिका वाचकांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेलच. गोष्ट मोठी गोड आहे. अनुस्वार गेला म्हणजे 'अशा रीतीने रात्र संपली' ह्याचे 'रात्रच तेवढी संपली, बोलणे नव्हे' असे होते. शिक्षकास व्याकरण शिकविण्यासाठी ह्याहून चांगले उदाहरण मिळावयाचे नाही. परंतु नातवंडांस ती सांगताना 'हे खरेच घडले का?' असा प्रश्न येतो, आणि तेथे 'असेल' म्हणून वेळ मारून नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून कवीचा काळ कसा ठरवितात, ते येथे क्रमाने मांडतो.

भवभूतीने आपले गोत्र, शाखा, पितामह भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जतुकर्णी, सारे काही सांगितले. सांगितला नाही तो फक्त शक. अशा वेळी दोन टोके शोधावी लागतात. ज्याच्या अलीकडे कवी येऊ शकत नाही ते एक, आणि ज्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही ते दुसरे.

अलीकडचे टोक प्रथम पाहू. 'काव्यालंकारसूत्रवृत्ती'चा कर्ता वामन आठव्या शतकाच्या अखेरीस काश्मीरचा राजा जयापीड याच्या पदरी होता, असे मानतात. निद्रित सीतेकडे पाहून राम उद्गार काढतो, तो 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकातील श्लोक वामनाने उदाहरणादाखल घेतला आहे. मात्र त्याने कवीचे नाव दिलेले नाही. नावावाचून उद्धृत झालेला श्लोक कधी कधी दोघांनीही तिसऱ्याच ठिकाणाहून घेतलेला असू शकतो. म्हणून अशा पुराव्यास नावनिशीवार साक्षीची जोड लागते. पुढे सन ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारातील राजशेखराने अशी साक्ष दिली आहे. जो पूर्वी वाल्मीकी झाला, मग भर्तृमेण्ठ, मग भवभूती, तोच आज राजशेखर झाला आहे, असे तो स्वतःविषयी सांगतो. आत्मस्तुती सोडून दिली, तरी भवभूती त्या वेळी 'पूर्वजन्म' म्हणून शोभण्याइतका जुना झाला होता, एवढे तीतून निश्चित निघते.

आता पलीकडचे टोक. बाणभट्ट हा हर्षाचा आश्रित, म्हणजे सातव्या शतकाच्या पूर्वार्धातील. 'हर्षचरिता'च्या आरंभी त्याने भास, कालिदास, प्रवरसेन आदींचे गुणगान केले. भवभूतीचे नाव मात्र त्यात नाही. येथे सावध असावे. मौन हा दुबळा पुरावा होय; न आवडलेला किंवा न वाचलेला कवीही मौनात जातो. तरीपण भवभूतीसारखा नाटककार आधी होऊन गेला असता, तर त्याच्याविषयी बाणही गप्प आणि त्या काळचे इतर सारेही गप्प, हे संभवनीय दिसत नाही.

ह्या दोन टोकांमध्ये दीडशे वर्षांचे अंतर राहते. ते कमी करण्यास काश्मीरचा कल्हण साह्य करतो. कवी वाक्पतिराज, भवभूती इत्यादी ज्याची सेवा करीत, त्या कनोजच्या यशोवर्म्यास ललितादित्याने जिंकले, असे 'राजतरंगिणी'त आहे. पण कल्हणाने लिहिले ते ११४८ ते ११५० ह्या काळात, म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी. शिवाय त्याच्या वर्षगणनेत चूक आहे, आणि ती चीनच्या बखरींवरून उघडकीस आली. ललितादित्याचा वडील भाऊ चंद्रापीड यास चिनी सम्राटाने ७२० साली राजपदाची मान्यता दिल्याची तेथे नोंद आहे. कल्हणाच्या हिशेबाने मात्र चंद्रापीड त्याच्या कितीतरी आधी वारलेला असतो. तेव्हा ह्या राजांचे शक सुमारे पंचवीस वर्षे अलीकडे ओढणे विद्वानांस भाग पडले. त्याच बखरींत मध्य हिंदुस्थानच्या एका राजाने ७३१ साली वकील पाठविल्याचे नमूद असून, तो राजा यशोवर्माच होय असे मानतात. दोन्ही दुरुस्त्या परस्परांशी जुळतात.

तथापि कल्हणाचे विधान चारशे वर्षांनंतरचे ते नंतरचेच. त्यास बळ देतो तो स्वतः वाक्पतिराज. यशोवर्म्यावर रचिलेल्या 'गउडवहो' ह्या प्राकृत काव्यात तो भवभूतीस समुद्राची उपमा देतो, आणि त्या समुद्रातून निघालेल्या काव्यामृताचे तुषार आपल्या रचनेत अजूनही चमकतात, असे सांगतो. हे बरोबरीच्या मित्राविषयीचे बोलणे नव्हे, वडीलधाऱ्याविषयीचे आहे. यशोवर्मा ७३१ च्या सुमारास राज्य करीत होता, त्याचा राजकवी भवभूतीस ज्येष्ठ मानतो. तेव्हा भवभूतीची नाटके साधारण ७०० ते ७३० ह्या काळातील ठरतात. ह्याहून बारीक वर्ष काढण्यास साधन नाही, आणि जो काढून दाखवील त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आता आख्यायिकेकडे वळू. ऐहोळच्या शिलालेखात रविकीर्तीने कालिदासाचे नाव घेतले आहे, आणि त्या लेखाचा काळ शके ५५६, म्हणजे सन ६३४-३५, असा कोरलेलाच आहे. तेव्हा तो कितीही अलीकडचा मानला, तरी ६३४ पूर्वी कीर्तिमान झालेला कालिदास ७०० नंतरचे नाटक वाचावयास जिवंत नव्हता. 'मालतीमाधवा'च्या नवव्या अंकात विरही माधव मेघाकरवी निरोप धाडू पाहतो, तेथेही 'मेघदूता'चा ठसा उघड दिसतो. कोणी कोणाचे घेतले, ही शंका केवळ साम्यावरून फिटत नाही; ऐहोळचा शक हाती असल्यामुळेच ती फिटते. सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त तर हे दोघेही कवी अकराव्या शतकातील धारच्या भोजराजाच्या सभेत एकत्र बसतात. दंतकथा थोरांस एका पंगतीस बसविते. पंगतीतील पाटांवर शक लिहिलेला नसतो.

ह्या कालनिर्णयातून आम्हांस एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली. भवभूतीच्या तिन्ही नाटकांचे प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत झाले. कोणत्याही आश्रयदात्या राजाचे नाव प्रस्तावनेत नाही. आपला समानधर्मा पुढे कधीतरी जन्मेल, हे त्याचे सुप्रसिद्ध उद्गारही उपेक्षिताचे आहेत. कल्हणाने सांगितलेला राजाश्रय खरा असेल, तर तो ही नाटके लिहून झाल्यावर, उतारवयात मिळाला असावा. ज्येष्ठ कालिदासाने जवळ बसवून त्याचा एक अनुस्वार पुसला, ही कल्पना म्हणूनच लोकांस प्रिय झाली असेल. प्रत्यक्षात ते भाग्य त्याच्या वाट्यास आले नाही. त्याला समुद्र म्हणणारा वाक्पतिराज आला तो पुढच्या पिढीत.

नातवंडांस ती आख्यायिका आम्ही अजूनही सांगतो. मात्र तिच्या शेवटी वरील दोन शक सांगून वजाबाकी त्यांच्याकडूनच करवून घेतो.