घडीच्या आतलं

आमच्या हिनं शिवलेली गोधडी पुण्याला गेली आणि आठ दिवसांत परत आली.

नातवानं ती मोबाइलवरून विकायला ठेवली होती. बाजेवर घडी घातलेली गोधडी, रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला एकच फोटो. त्या फोटोकडं बघूनच त्यानं लिहिलं होतं, 'शंभर टक्के सुती, डबल बेडची, केशरी काठ.' घेणाऱ्या बाईंनी परत पाठवताना चिठ्ठी घातली होती. गोधडी एका माणसापुरतीच आहे, काठ लाल आहे आणि आतलं कापड सुती वाटत नाही.

"आरं, मी कुणाला फसवाय न्हाय शिवली," एवढंच ही म्हणाली. नातू खाली मान घालून बसला. पोरानं लबाडी केली नव्हती. फोटोत जे दिसत नव्हतं, ते त्यानं मनानं भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडी अंगणात पसरली. उजेडात काठ लालच होता. टेप लावली, तर लांबी ६ फूट आणि रुंदी साडेचार. घडीचं माप फोटोत कळतच नाही, शेजारी ओळखीची वस्तू असली तर अंदाज तरी येतो. जाडीही कळत नाही, म्हणून काट्यावर ठेवली. अडीच किलो भरली.

मग कडेची शिवण थोडी उसवून प्रत्येक कापडाचा एकेक धागा जाळून बघितला. सुती धागा कागदासारखा जळतो, मागं मऊ राख राहते. एका थराचा धागा मात्र वितळला आणि त्याची काळी, टणक गुठळी झाली. ते टेरिलीन होतं. ओलं पांढरं फडकं काठावर घासलं, तर त्याला थोडा लाल रंग लागला.

राहिलेलं हिलाच विचारावं लागलं. तिनं बोटांवर मोजलं, "दोन लुगडी, तुझ्या आबांचं धोतर, एक टेरिलीनची साडी. मधलं लुगडं माझ्या आईचं."

हे मलाही ठाऊक नव्हतं.

नातवानं नव्यानं लिहिलं, 'हातानं शिवलेली गोधडी. जुन्या, धुतलेल्या कापडाची. बहुतेक थर सुती, एक टेरिलीनचा. ६ फूट बाय साडेचार फूट, एका माणसासाठी. वजन अडीच किलो. लाल काठाचा रंग थोडा जातो, गार पाण्यात वेगळी धुवावी.' फोटोही दिवसा काढले. एक पूर्ण पसरलेली, एक टाक्यांचा जवळून, एक उलट्या बाजूचा.

"आजी, तुझ्या आईचं लुगडं लिहू?"

ही थोडा वेळ गोधडीवरनं हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "जुनं लुगडं हाय, ते लिहिलंस की. आईचं नगं लिहू. त्याचं मोल कोण लावणार?"

आणि गोधडीची घडी घालून तिनं ती आत नेऊन ठेवली. नातवाला म्हणाली, "दुसरी शिवते. तवर ते लिवल्यालं तसंच ठेव, माप तेवढं बदल."