‘नंतर’ की ‘म्हणून’ : एका कालपटाचा तक्ता होताना

बजाजनगरातील एका अभ्यासिकेत १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, इतिहासाची एक विद्यार्थिनी बोलणार होती. तिने चोवीस स्लाइड तयार केल्या होत्या. प्रत्येकीवर एक तारीख, तिच्याखाली दोन ओळींचा मजकूर आणि पुढच्या तारखेकडे नेणारा एक बाण. आदल्या आठवड्यात त्या पाहून एका मुलाने विचारले, “ताई, या बाणाचा अर्थ ‘नंतर’ की ‘म्हणून’?” तिला उत्तर देता आले नाही. त्याच रात्री तिने स्लाइड बाजूला ठेवल्या आणि चार रकान्यांचा तक्ता आखला : दिनांक, घटना, कारणे, परिणाम.

पहिली अडचण दिनांकाच्याच रकान्यात आली. स्लाइडवर होते, ‘१७ सप्टेंबर १९४८ : हैदराबादची शरणागती’. वस्तुतः त्या दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. सेनाप्रमुख अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली ती १८ तारखेला. भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल असे फर्मान तर नोव्हेंबर १९४९ मधले. एका स्लाइडच्या तीन ओळी झाल्या. स्लाइडला एक ठळक वाक्य पुरते. तक्त्यात मात्र कोणी, काय आणि नेमके केव्हा केले हे वेगवेगळे मांडावे लागते.

खरी कसोटी कारणांच्या रकान्याची. तिथे वरच्या ओळीतील घटना उतरवून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. ११ सप्टेंबरला कराचीत जिनांचा मृत्यू झाला आणि १३ तारखेला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. स्लाइडवर या दोन तारखांमध्ये बाण होता, म्हणून तक्त्यातही आधी तेच कारण लिहिले गेले. मग तिने एक साधी परीक्षा लावली : वरची ओळ खोडली, तर खालची उभी राहते का? राहिली. लष्करी कारवाईचा निर्णय जिनांच्या मृत्यूपूर्वीच झालेला होता. ती ओळ तक्त्यात राहिली, पण कारणाच्या चौकटीतून गेली.

मग कारणे कुठे? उत्तर त्या सर्वांत लांब बाणाखाली दडलेले होते. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार आणि १३ सप्टेंबर १९४८ यांच्यामध्ये स्लाइडवर जवळपास काहीच नव्हते. साडेनऊ महिने एका रेघेत संपले होते. तिथे नव्या ओळी घालाव्या लागल्या : भारतीय चलनावर संस्थानाने घातलेली बंदी, पाकिस्तानला दिलेले वीस कोटींचे कर्ज, कासिम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार, फिसकटलेल्या वाटाघाटी, आणि ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे केलेली तक्रार. कराराचा भंग भारताने केला, आपली आर्थिक नाकेबंदी केली, असे हैदराबादचे म्हणणे होते. भारताचे म्हणणे नेमके उलट. तेव्हा कारणापुढे ‘कोणाच्या मते’ हेही लिहिणे भाग पडले. मुळात चार रकाने कमीच होते, म्हणा.

शेवटची स्लाइड फडकत्या ध्वजाची होती. तक्त्याला मात्र परिणाम हवा होता. लष्करी कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मुसलमानांविरुद्ध झालेल्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांची समिती नेहरूंनी धाडली होती. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्या समितीचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडही होते. अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. अभ्यासिकेतील निम्मी मुले याच जिल्ह्यांतून वाळूजच्या कारखान्यांत आलेल्या घरांतली. तिच्या स्वतःच्या आजोळचे घर रझाकारांनी जाळले होते. आजीने ते इतक्या वेळा सांगितले होते, की ही ओळ लिहिताना आपण आजीचे ऐकले नाही असे तिला वाटत राहिले.

रझाकारांचा हिंसाचार तिने प्रथम या ओळीच्या कारणांत लिहिला. नंतर वाचताना जाणवले की तिथे ते कारण राहत नाही, समर्थन होते. ज्यांना मारले गेले त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. मग रझाकारांच्या अत्याचारांना १९४८ च्या पूर्वार्धात स्वतंत्र ओळ मिळाली, तिचे परिणाम तिच्यासमोर. आणि सप्टेंबरनंतरच्या हिंसाचाराची ओळ वेगळी, तिची कारणे तिची : सूड, लूट, कोलमडलेला स्थानिक अंमल.

तक्ता एकतीस ओळींचा झाला. कारणांच्या दोन चौकटी अजून रिकाम्या आहेत. झेरॉक्स काढताना दुकानदाराने विचारले, “मॅडम, हे राहिलंय का भरायचं?” तिने तसाच काढायला सांगितला.