विषय : वर्गासाठी प्रोजेक्टर मिळणेबाबत

शाळेतल्या अर्जांची एक ठरलेली भाषा असते. ‘उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की’ असं सुरू करायचं, मध्ये ‘आजच्या डिजिटल युगात’ टाकायचं आणि ‘मंजुरी मिळावी ही नम्र विनंती’ म्हणून सही करायची. असा अर्ज कुणी नाकारत नाही. तो फाइलला लागतो आणि तिथेच राहतो, कारण वाचणाऱ्याला त्यात ठरवता येईल असं काही सापडत नाही.

मी नरसी नामदेवला विज्ञान शिकवतो. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून लोक इथे लांबून येतात, पंजाबातूनही येतात. शाळा मात्र मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी शाळेसारखीच आहे. पत्र्याचं छत, मोठ्या खिडक्या, आणि माझ्या आठवीच्या वर्गात ४६ मुलं. मुख्याध्यापिका मॅडमना द्यायचा अर्ज लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की ‘डिजिटल’ हा शब्द एकदाही वापरायचा नाही. प्रोजेक्टर का हवा हे एका तासिकेवरूनच सांगायचं.

ती तासिका कांद्याच्या पेशींची. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, वर आच्छादक काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. सूक्ष्मदर्शक एकच आहे. एका मुलाला डोळा लावून, नीट दिसेपर्यंत चाळीस सेकंद धरले तर ४६ मुलांना अर्धा तास लागतो. तासिका ३५ मिनिटांची. म्हणजे शिकवायला उरतात पाचेक मिनिटं.

पण वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मुलाला आत काय दिसतंय ते मला दिसत नाही. आच्छादक काचेखाली हवेचे बुडबुडे अडकतात. ते गोल असतात, त्यांना जाड काळी कड असते आणि ते पटकन नजरेत भरतात. पेशी मात्र फिकट, विटांसारख्या लांबट. ‘दिसली का पेशी?’ विचारलं की ‘हो सर’ येतं. वहीत चित्र काढायला सांगितलं की निम्म्या वह्यांत सुबक गोल बुडबुडे असतात. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर फोनचा कॅमेरा धरून तेच चित्र भिंतीवर टाकलं, तर सगळ्यांना एकच बुडबुडा दिसतो आणि मला बोट ठेवून सांगता येतं, ‘हा नाही, त्याच्या शेजारची वीट.’ अर्जातलं कारण एवढंच. मी ते सहा ओळींत लिहिलं आणि बुडबुड्यांचं चित्र असलेल्या दोन वह्यांची पानं, नाव झाकून, झेरॉक्स करून जोडली.

यानंतर मॅडम काय विचारतील ते ठाऊक होतं. ऑनलाइन सहा-सात हजारांत प्रोजेक्टर मिळतो, तो का नको?

याचं उत्तर उजेडात आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावरचा काळा भाग म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही ती जागा, आणि तिथे खोलीतला उजेड असतोच. त्यामुळे चित्र दिसणं हे प्रोजेक्टरचा उजेड खोलीतल्या उजेडापेक्षा किती जास्त आहे यावर ठरतं. खिडक्या लावून घ्या असं म्हणणं सोपं आहे. मार्चपासून पत्र्याखाली ४६ मुलांना खिडक्या लावून बसवून पाहा.

म्हणून खिडक्या उघड्या ठेवूनच मोजलं. फोनवरच्या उजेड मोजणाऱ्या ॲपने सकाळी अकराला भिंतीवर साधारण ३०० लक्स दाखवले. फोनचं माप ढोबळ असतं, पण अंदाजाला पुरतं. चित्र १.६ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच धरलं तर क्षेत्रफळ जवळपास दोन चौरस मीटर. ३३०० ल्युमेनच्या यंत्राचा उजेड त्यावर पसरला तर १६५० लक्स होतात. भिंतीचे ३०० त्यात मिळवले की पांढरा भाग काळ्या भागाच्या साडेसहापट उजळ. एवढ्यात पेशीची भिंत वाचता येते. स्वस्त यंत्राच्या खोक्यावर ‘९००० ल्युमेन’ छापलेलं असतं, पण माहितीपत्रकात आन्सी ल्युमेन शोधले की बऱ्याचदा दोनशेच्या आसपास आकडा सापडतो, किंवा सापडतच नाही. दोनशे म्हणजे आपल्या भिंतीवर १०० लक्स. पांढरं आणि काळं यांत जेमतेम सव्वापट-दीडपट फरक. असं यंत्र घरी रात्री सिनेमाला चालेल. शाळेत ते चार दिवसांत कपाटात जाईल आणि जडसंग्रह नोंदवहीत वर्षानुवर्षं एक ओळ होऊन बसेल.

दुसरा प्रश्न टीव्हीचा. ५५ इंची टीव्ही उन्हातही छान दिसतो, पण त्याची उंची पाऊण मीटरही नाही. मागच्या बाकावरून बारीक गोष्ट वाचायची तर बसण्याचं अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नसावं, असा एक जुना ठोकताळा आहे. त्याने टीव्ही चार मीटरपर्यंत चालतो. आमचा शेवटचा बाक साडेसहा मीटरवर आहे.

मग खर्च. यंत्राची किंमत लिहून थांबणं हा अशा अर्जांचा नेहमीचा घोटाळा. यंत्र येतं आणि केबल नाही म्हणून महिनाभर पडून राहतं. हिंगोलीतल्या तीन दुकानांतून कोटेशनं घेतली आणि सगळं मांडलं : प्रोजेक्टर ३८,०००, छताला टांगायचा स्टँड १,८००, दहा मीटर एचडीएमआय केबल १,२००, वायरिंग आणि बोर्ड १,५००, स्पीकर १,८००, भिंतीला मॅट पांढरा रंग ७००. एकूण ४५,०००. पडदा नको, रंगवलेली भिंत पुरते. फोन लॅपटॉपला जोडायचा आणि लॅपटॉप शाळेत आहेच.

खाली चालू खर्चही लिहिला. दिवसाला दीड तास, वर्षाचे दोनशे दिवस, म्हणजे ३०० तास. यंत्र ३०० वॉटचं, म्हणून वर्षाला ९० युनिट, साधारण आठशे रुपये. दिव्याचं आयुष्य हजारो तासांचं सांगतात. निम्मं धरलं तरी काही वर्षं चिंता नाही. खरा शत्रू खडूची धूळ. ती जाळीत अडकली की यंत्र तापतं आणि आपोआप बंद पडतं. दर महिन्याला जाळी साफ करायची जबाबदारी अर्जात मी माझ्या नावावर घेतली.

पैसे कुठून, हेही मागणाऱ्यानेच सुचवावं. आमचा पट १०१ ते २५० मधला, त्यामुळे समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं वर्षाला ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला जातात आणि वीजबिल, खडू, दुरुस्त्या त्यातूनच होतात. ते सगळं प्रोजेक्टरला मागणं म्हणजे वर्षभर शाळा उसनवारीवर चालवणं. म्हणून अनुदानातून १५,०००, शिक्षकांकडून १०,००० आणि गावाच्या लोकवर्गणीतून २०,००० असं लिहिलं.

मॅडमनी अर्ज उभ्यानेच वाचला. वह्यांच्या झेरॉक्सवर थांबल्या.

“सर, हा बुडबुडा आहे?”

“हो मॅडम.”

“मला पण पेशीच वाटली होती.” मग म्हणाल्या, “लोकवर्गणी मागायची तर शेतकऱ्यांकडे सोयाबीनचे पैसे आल्यावर मागू. आत्ता कुणाच्या दारात जाऊ नका.”

हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. अर्जात कोणाकडून किती हे होतं, कधी ते नव्हतं. त्यांनी समासात लिहिलं, ‘शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरावासाठी ठेवावे’, आणि खाली तारीख टाकली. समितीत बहुतेक पालकच आहेत. त्यांना ल्युमेन सांगून उपयोग नाही. बैठकीला सूक्ष्मदर्शक आणि कांदा घेऊन जाणार आहे. एकेकाने डोळा लावून बघावं, आणि काय दिसलं ते कागदावर काढून दाखवावं.