विदर्भाच्या पदातीचे न लिहिलेले पान

भारतीय युद्धाच्या आदल्या रात्री विदर्भातील एखाद्या पदातीने रोजनिशी लिहिली असती, तर तिच्यात काय असते?

पहिली अडचण लिपीची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यपट्ट्यातील अतिप्राचीन लेखांपैकी एक नागभीड तालुक्यात देवटेक येथे सापडला. ब्राह्मी लिपीतील तो शिलालेख साधारण अशोककाळातला. त्यात प्राणी पकडू वा मारू नयेत, अशी अधिकाऱ्याची आज्ञा आहे. परंपरेने मानलेला युद्धाचा काळ त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा पदातीचे पान कल्पनेतच राहते. मात्र त्यातला मजकूर बराचसा महाभारतच पुरवते.

विदर्भाचा रुक्मी, रुक्मिणीचा भाऊ, एक अक्षौहिणी घेऊन पांडवांच्या शिबिरात आला. अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पदाती. तिचा सर्वांत लहान घटक म्हणजे पत्ती: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पदाती. आपला माणूस त्या पाचांतला एक.

पांडवांच्या शिबिराचे उद्योगपर्वातले वर्णन वाचण्याजोगे आहे. हिरण्वती नदीकाठी खंदक खणलेला. तंबूंत धनुष्ये, प्रत्यंचा, कवचे यांचे ढीग; मध, तूप, राळ, पाणी, चारा यांचा साठा. वेतनावर ठेवलेले कारागीर आणि वैद्यही तेथे होते. वैद्य पाहून पदातीला धीर आला असेल की धडकी भरली असेल?

त्यानंतर सारे बिनसले. रुक्मी भर सभेत अर्जुनाला म्हणाला की, तुला भीती वाटत असेल तर मी साहाय्याला उभा आहे. अर्जुन हसला. गंधर्वांशी लढताना, खांडववनात, विराटाच्या गोधनासाठी कौरवांना तोंड देताना आपल्याला कोण साहाय्य होते, असे त्याने विचारले आणि राहायचे तर राहा, जायचे तर जा, असे सांगितले. रुक्मी तसाच दुर्योधनाकडे गेला, तेच बोलला आणि तेथेही नाकारला गेला. शौर्याचा अभिमान बाळगणाऱ्या दुर्योधनाला ती भाषा कशी रुचावी?

एका माणसाच्या तोंडाळपणामुळे लाखभर पदाती न लढताच परतले. युद्ध सुरू होण्यापूर्वी दोन्ही सेनांत नियम ठरले होते: पदातीने पदातीशीच लढावे, पळणाऱ्यावर, निःशस्त्रावर, ओझे वाहणाऱ्यावर वा शंख-भेरी वाजवणाऱ्यावर प्रहार करू नये. आपला पदाती तेव्हा दक्षिणेच्या वाटेवर असणार. हे नियम पुढे कसे मोडले गेले, ते त्याला पाहावे लागले नाही. सुटल्याचा आनंद त्याला झाला असेल, पण गावी पोहोचल्यावर काय सांगावे, ही लाजही असेल. त्या पानावर या दोहोंपैकी काय आधी आले असते, हे ठरवणे कठीण आहे.

युद्धात उतरलेल्या अठरा अक्षौहिणींत विदर्भाची ती अक्षौहिणी नाही. रुक्मी पुढे द्यूताच्या भांडणात बलरामाच्या हातून मारला गेला, असे हरिवंश सांगतो. बलरामही त्या युद्धापासून दूर राहिलेला. पदातीचे नाव मात्र कोणत्याच ग्रंथात नाही.