चार मोहांचा तक्ता आणि चौऱ्याण्णव टक्के

अक्कलकुवा तालुक्यातलं काठी हे सातपुड्यातलं गाव बाहेरच्या लोकांना राजवाडी होळीमुळे माहीत असतं. होळीची गर्दी ओसरली की गावाचं लक्ष मोहाकडे वळतं. पहाटे फुलं गळायला लागतात आणि उजाडायच्या आत घरातली लहानथोर माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली दिसतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याचं घर काठीला आहे. मोहाच्या दिवसांत मी त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा आम्ही दोघांनी त्यांच्या चार झाडांची फुलं ताणकाट्यावर तोलली. एकेका आठवड्याच्या अंतरानं तीन सकाळी नोंद केली. वजनं ओल्या फुलांची, पूर्ण किलोत. तक्ता असा झाला:

| झाड | पहिली सकाळ | दुसरी सकाळ | तिसरी सकाळ |
|---|---|---|---|
| शेताच्या बांधावरचं | ४ | ८ | ४ |
| घरामागचं | ७ | १२ | ५ |
| वाटेवरचं | ३ | ७ | ३ |
| नाल्यातलं | २ | ५ | ८ |

बारा आकडे. पण नीट पाहिलं तर पहिल्या तीन ओळी एकाच चालीच्या वाटतात. मधली सकाळ भरात, अलीकडची आणि पलीकडची बेताची. झाड मोठं असेल तर सगळेच आकडे मोठे, लहान असेल तर सगळेच लहान. मग प्रत्येक झाडाला एक आकडा द्यावा, प्रत्येक सकाळला एक आकडा द्यावा, आणि त्या दोघांचा गुणाकार म्हणजे त्या झाडाची त्या सकाळची फुलं, असं म्हणता येईल का? अशा गुणाकारातून उभ्या राहणाऱ्या तक्त्याला गणितात रँक-एकचा तक्ता म्हणतात. त्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीची पट असते. आमचा तक्ता तसा नाही, हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की रँक-एकचा कुठला तक्ता याच्या सगळ्यात जवळ जातो, आणि तो गेला तरी मूळ तक्त्यातलं किती हाती ठेवतो.

जवळ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. खरा आकडा आणि गुणाकारातून आलेला आकडा यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, आणि बाराही चौकटींतले वर्ग मिळवायचे. ही बेरीज सर्वांत कमी ज्याची, तो सर्वोत्तम. हे काम ओसरीवर बसून वहीत करता येतं. सुरुवात सोपी आहे. तिन्ही सकाळच्या बेरजा १६, ३२ आणि २०, म्हणजे १ : २ : १.२५. हे सकाळचे आकडे तात्पुरते धरायचे आणि झाडांचे आकडे काढायचे. बांधावरच्या झाडासाठी ४×१, ८×२ आणि ४×१.२५ यांची बेरीज २५ येते. तिला १, २ आणि १.२५ यांच्या वर्गांच्या बेरजेनं, म्हणजे ६.५६ नं भागायचं, की ३.८१ मिळतात. चारही झाडांचे आकडे असे आले की ते धरून ठेवायचे आणि त्याच रीतीनं सकाळचे आकडे पुन्हा काढायचे. मग पुन्हा झाडांचे. दर फेरीला फरकाच्या वर्गांची बेरीज कमी होते, निदान वाढत तरी नाही, आणि थोड्याच फेऱ्यांत आकडे हलायचे थांबतात.

आमचे आकडे थांबले ते असे. पहिली सकाळ १ धरली तर दुसरी १.९३ आणि तिसरी १.१२. झाडांचे आकडे बांधावरचं ४.००, घरामागचं ५.९८, वाटेवरचं ३.३३ आणि नाल्यातलं ३.४५. याहून चांगला रँक-एकचा तक्ता असूच शकत नाही, याची खात्री कार्ल एकार्ट आणि गेल यंग यांनी १९३६ साली मांडलेल्या प्रमेयानं मिळते. संगणकावर सिंग्युलर व्हॅल्यू काढल्या तर हेच उत्तर एका ओळीत येतं. पण वहीत केलं की कुठला आकडा कुठून आला ते डोळ्यांसमोर राहतं, म्हणून मी विद्यार्थ्याकडून वहीतच करून घेतलं.

आता हिशेब. मूळ तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज ४७४. गुणाकाराच्या तक्त्यातल्या वर्गांची बेरीज ४४६.६. उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज २७.४. सर्वोत्तम तक्त्याच्या बाबतीत हे दोन भाग मिळून नेमके मूळ बेरजेइतके होतात, म्हणून टक्केवारी काढायला सोपी जाते: ४४६.६ भागिले ४७४, म्हणजे ९४ टक्के. विद्यार्थी खूश झाला. मोठी झाडं, लहान झाडं आणि सगळ्यांची एकच चाल, एवढ्यात ९४ टक्के आलं, असं त्याला वाटलं.

मी त्याला विचारलं, ९४ टक्के कशाचे? ४७४ हा आकडा शून्यापासून मोजलेला आहे. म्हणजे आपण असं धरलं, की काहीच माहीत नसतं तर प्रत्येक चौकटीत आपण शून्य लिहिलं असतं. मोहाच्या हंगामात मोहाच्या झाडाखाली शून्य फुलं पडतील असं काठीत कुणीही म्हणणार नाही. सगळे आकडे शून्याच्या वर आहेत, एवढ्या एका गोष्टीचं श्रेयसुद्धा या ९४ मध्ये मोजलं गेलं आहे. ज्याला चढउतार म्हणायचं, तो कुठल्यातरी सरासरीभोवती मोजायला हवा.

मग आम्ही सरासरीपासून मोजलं. बाराही चौकटींत एकच सरासरी, ५.६७ किलो, लिहिली तर फरकांच्या वर्गांची बेरीज ८८.७ उरते. आमच्या गुणाकारानं २७.४ उरले होते, म्हणजे ८८.७ पैकी ६९ टक्के पकडले गेले. याहून कडक कसोटीही आहे. प्रत्येक सकाळी त्या सकाळची सरासरी लिहायची: पहिल्या दिवशी सगळ्यांना ४, दुसऱ्या दिवशी ८, तिसऱ्या दिवशी ५. फुलांचा बहर चढतो आणि उतरतो हे त्यात आलंच. त्यानंतरही ५४ उरतात. हा झाडाझाडांतला फरक. त्या ५४ मधून गुणाकाराचा तक्ता २७.४ वर आणतो, म्हणजे जेमतेम ४९ टक्के पकडतो. तक्ता तोच, गुणाकार तोच, उरलेले २७.४ ही तेच. भागाकाराच्या खाली काय ठेवलं त्यावर ९४, ६९ आणि ४९ अशी तीन उत्तरं आली. तिन्ही बरोबर आहेत, पण ती तीन वेगळ्या प्रश्नांची आहेत. झाडं एका चालीनं फुलतात का, या आमच्या प्रश्नाला शेवटचंच लागू पडतं.

निम्मंच हाती लागलं, तर निम्मं कुठे गेलं? हे टक्केवारी सांगत नाही, त्यासाठी उरलेल्या फरकांचा तक्ता मांडावा लागतो. तो मांडला आणि गोष्ट स्पष्ट झाली. बांधावरच्या झाडाचे फरक अर्ध्या किलोच्या आत होते, वाटेवरच्या झाडाचेही पाऊण किलोच्या आत. नाल्यातल्या झाडाला मात्र तिसऱ्या सकाळी गुणाकारानं ३.८ किलो दिले होते आणि खरे होते ८. एकूण २७.४ पैकी २२ एकट्या या झाडाचे. फरकांच्या चिन्हांतही क्रम होता: या झाडाला पहिल्या दोन सकाळी उणे, तिसऱ्या सकाळी अधिक. बाकीच्या तीन झाडांना तिसऱ्या सकाळी उणे. नुसती तोलण्यातली चूक असती तर उणे-अधिक असे रांगेनं आले नसते.

विद्यार्थ्याची आजी शेजारीच फुलं वाळत घालत होती. तिला विचारलं तर ती लगेच म्हणाली, की नाल्यातलं झाड दरवर्षी मागून येतं, तिथं सावली आणि गारवा जास्त. तक्त्यानं जे उरवलं होतं त्याचं कारण तिच्याकडे होतं.

ते झाड बाजूला ठेवून तीन झाडांचा हिशेब पुन्हा केला. सकाळचे आकडे १ : १.८७ : ०.८२ झाले. आधी तिसऱ्या सकाळचा आकडा १.१२ होता. एका उशिरा फुलणाऱ्या झाडानं सगळ्यांची चाल वाकवली होती, आणि म्हणूनच घरामागच्या झाडाला तिसऱ्या सकाळी पावणेदोन किलो जास्त दिले गेले होते. वर्गांची बेरीज कमी करायची म्हटलं की मोठ्या फरकाकडे ओढ जाते, हा या पद्धतीचा स्वभाव आहे. तीन झाडांत सकाळच्या सरासरीनंतर २४.७ उरत होते, आणि गुणाकारानंतर फक्त १.२. कडक कसोटीवरही ९५ टक्के.

तरीही मी या ९५ वर थांबलो नाही. नऊ चौकटींसाठी आपण सहा आकडे वापरले. त्यातला एक १ म्हणून आपणच धरला, तरी पाच मोकळे राहतात. इतक्या लहान तक्त्यात थोडं यश आकड्यांच्या संख्येमुळेच मिळतं. म्हणून न पाहिलेल्या चौकटींवर पारख करायची. फक्त बांधावरच्या आणि घरामागच्या झाडांवरून चाल काढली, ती १ : १.७९ : ०.७९ आली. मग वाटेवरच्या झाडाचे मधल्या सकाळचे ७ किलो तेवढे सांगितले. चालीनं पहिल्या सकाळसाठी ३.९ आणि तिसऱ्यासाठी ३.१ सांगितले, खरे होते ३ आणि ३. नाल्यातल्या झाडाचे मधले ५ किलो सांगितले तर २.८ आणि २.२ आले, खरे होते २ आणि ८. पहिलं झाड या चालीत बसतं, दुसरं बसत नाही. टक्केवारी न काढताही हा निर्णय देता येतो.

काठीच्या त्या तक्त्यावर माझा निकाल असा: तीन झाडांना एक गुणाकार पुरतो, चौथ्याला त्याची स्वतःची चाल द्यावी लागते. कुठल्याही अहवालात एका घटकानं इतके टक्के बदल पकडला असं वाचलंत, तर दोन गोष्टी मागून घ्या. ती टक्केवारी शून्यापासून मोजली की सरासरीपासून, आणि उरलेल्या फरकांचा तक्ता कुठे आहे. या दोन्ही मिळाल्याशिवाय त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.